पोटरी चोळण्याआधी टेप लावा

प्रश्न : मी जीएनएम आहे. नांदेडला खासगी रुग्णालयात सहा वर्षे काम केलं. आता लोह्यात राहून, ऑपरेशन झालेल्या रुग्णांच्या घरी जाऊन शुश्रूषा करावी म्हणते. सुरुवात कुठून करू?

उत्तर : ताई, आपल्या भागात ऑपरेशन नांदेडला किंवा लातूरला होतं आणि रुग्ण पाच-सहा दिवसांत घरी येतो. टाके निघेपर्यंतचे पुढचे आठ-दहा दिवस घरच्यांच्या हाती असतात. तुमचं काम तिथेच आहे. ते कसं करायचं, हे एका आजींच्या उदाहरणावरून सांगतो.

आजी अंगणात घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं. नांदेडला बॉल बदलला आणि पाचव्या दिवशी घरी सोडलं. नवव्या दिवशी घरच्यांनी एका नर्सताईंना बोलावलं ते फक्त ड्रेसिंगसाठी. ताईंनी जखमेला हात लावण्याआधी डिस्चार्ज कार्ड मागितलं. रक्त पातळ करणारं इंजेक्शन रोज एक, असं त्यावर लिहिलेलं होतं. सोबत दहा सिरिंजा दिल्या होत्या. घरी येऊन चार दिवस झाले होते, म्हणजे सहा उरायला हव्या होत्या. कपाटातून निघाल्या नऊ. पहिल्या इंजेक्शननंतर पोटावर निळा डाग आला म्हणून सुनेनं ती बंद केली होती. असा छोटा डाग या इंजेक्शनने पडतोच. टोचल्यावर ती जागा चोळली की तो वाढतो.

तेवढ्यात मुलगा वाटीत कोमट तेल घेऊन आला. पाय सुजला होता, मालिश करायची होती. ताईंनी त्याला थांबवलं आणि टेप काढली. गुडघ्याच्या वाटीखाली हाडाचा उंचवटा लागतो. तिथून दहा सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्या मोजल्या, तर ऑपरेशनच्या बाजूची साडेतीन सेंटिमीटरने जास्त भरली. अशा ऑपरेशननंतर पाय थोडा सुजतोच. पण दोन पोटऱ्यांच्या मापात तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल, तर शिरेत रक्ताची गुठळी झाल्याचा संशय धरायचा. चोळलं तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. चुकलेलं इंजेक्शन ताईंनी स्वतःच्या मनानं दिलं नाही. सर्जनना फोन केला आणि आजींना त्याच दिवशी नांदेडला पाठवलं. डॉप्लर तपासणीत गुठळी निघाली, उपचार झाले, आजी आता वॉकर धरून चालतात. अशा रुग्णाला अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर वाट न पाहता १०८ ला फोन करायचा.

जखमेचं सांगायचं तर, वरची पट्टी कोरडी आणि चिकटलेली असेल तर सर्जनने सांगितल्याशिवाय ती उघडू नका. रोज ड्रेसिंग केलं म्हणजे जखम लवकर भरते, हा गैरसमज आहे. लाली पसरत असेल, पू किंवा वास येत असेल, ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला असेल, तर फोटो काढून सर्जनला पाठवा. घरी संडास भारतीय पद्धतीचा असेल तर कमोडची खुर्ची आधीच आणायला सांगा. उकिडवं बसलं, पाय एकमेकांवर टाकले, तर नवा बॉल निसटू शकतो.

आता कमाईचं. बारा तासांची ड्यूटी घेतली की तुम्ही एकाच घरात अडकता. त्यापेक्षा फेरीवार पैसे घ्या. समजा एका फेरीचे ३०० रुपये ठरले. पहिले सात दिवस रोज आणि नंतर एक दिवसाआड चार, अशा अकरा फेऱ्यांचे ३,३०० होतात. ड्रेसिंगचं सामान घरच्यांनी आणायचं. खेडेगावात जायचं असेल तर पेट्रोल वेगळं. एका वेळी असे तीन-चार रुग्ण सांभाळता येतात. दर पहिल्याच दिवशी वहीत लिहा. त्याच वहीत प्रत्येक फेरीची तारीख, ताप, नाडी, पोटरीचं माप आणि दिलेलं औषध लिहून घरच्यांची सही घ्या. पुढचा रुग्ण सर्जन तुमच्याकडे पाठवतात ते ही वही पाहूनच.

महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी चालू ठेवा. अटेंडंटचा कोर्स केलेल्यांनी आंघोळ, कूस बदलणं, चालवणं एवढंच करावं. इंजेक्शनला हात लावू नये. वापरलेल्या सुईला टोपण परत लावू नका. ती जाड प्लास्टिकच्या डब्यात टाका आणि डबा भरला की रुग्णालयात द्या.

आणखी एक. चार घरं झाली की पाचव्या घरी म्हणतील, "ताई, ताकदीची एक सलाईन लावून द्या." डॉक्टरांच्या लेखी चिठ्ठीशिवाय ती लावायची नाही. तुम्ही नाही म्हटलं तर एखादं घर तुटेल. पण त्या सलाईननं काही बिघडलं, तर लोह्यात पुन्हा कुणी बोलावणार नाही.