फुगलेलं पाकीट आणि आतली हवा

तायांनो, मागच्या महिन्यात वाणगावजवळच्या एका गटात गेले होते. केळ्याचे वेफर्स करणारा गट. त्यांनी नवीन पाकिटं दाखवली, छान फुगलेली, अगदी दुकानातल्यासारखी. मी विचारलं, "फुगवता कशानं?" तर एक ताई हसत म्हणाली, "सायकलच्या पंपानं! गिऱ्हाइकाला फुगलेलंच आवडतं." पण तीन आठवड्यांनी दुकानदारानं अर्धा माल परत पाठवला. वेफर्स कुरकुरीत होते, पण वास खवट येत होता.

चूक कुठे झाली, ते समजून घेऊ.

आपण श्वासात घेतो त्या हवेत साधारण 78 टक्के नायट्रोजन आणि 21 टक्के ऑक्सिजन असतो. तळलेल्या वेफर्समध्ये तेल भरपूर असतं आणि ऑक्सिजन या तेलावर हळूहळू काम करत राहतो. त्यातूनच तो जुन्या तेलासारखा वास तयार होतो. कापलेलं सफरचंद जसं हवेनं काळं पडतं, तसंच काहीसं, फक्त इथे डोळ्यांना काही दिसत नाही. उजेड आणि उष्णता असली की हे आणखी लवकर होतं.

मोठ्या कंपन्या पाकीट फुगवतात ते नायट्रोजननं. सील लावायच्या आधी मशीनची नळी पाकिटात नायट्रोजन सोडते, तो आतली साधी हवा बाहेर ढकलतो आणि लगेच सील बसतं. यालाच नायट्रोजन फ्लशिंग म्हणतात. नायट्रोजन तेलाला काही करत नाही. त्याला वास नाही, चवही नाही, आणि हवेत तो आधीपासून आहेच, म्हणून खाण्यालाही धोका नाही. वर फुगलेल्या पाकिटामुळे टेम्पोत वेफर्सचा चुरा कमी होतो.

आता पंपाचा हिशेब करू. पाकिटात 1 लिटर साधी हवा भरली, तर त्यात सुमारे 210 मिलीलिटर ऑक्सिजन जातो. नीट फ्लशिंग करून आत 2 टक्के ऑक्सिजन उरला, तर तो फक्त 20 मिलीलिटर. म्हणजे त्या ताईंचं पाकीट बाहेरून सारखं दिसत होतं, पण पंपानं त्यांनी तेल बिघडवणारा ऑक्सिजनच जास्तीचा भरला होता. त्यापेक्षा हवा दाबून काढून सील केलेलं चपटं पाकीट बरं, फक्त चुरा होऊ नये म्हणून ते खोक्यात भरायचं.

"मग मशीन घेऊ या का?" हा प्रश्न आलाच. माझं मत सांगते: आधी पिशवी बघा. साध्या पारदर्शक पॉलिथीनमधून ऑक्सिजन हळूहळू आत येतो आणि भरलेला नायट्रोजन निघून जातो. आतून चांदीसारखी चकाकणारी, थरांची पिशवी असेल तरच गॅसचा खर्च वसूल होतो. सील तपासायला पाकीट पाण्याच्या बादलीत बुडवून हलकं दाबा. बुडबुडे आले की तिथे गळती आहे. बहुतेक वेळा सीलच्या जागी वेफरचा चुरा किंवा तेल लागलेलं असतं.

नायट्रोजन सगळं सांभाळत नाही, हेही लक्षात ठेवा. गरम वेफर्स भरले तर आत वाफ धरते आणि ते सादळतात, गॅस कितीही चांगला असो. तळणीचं तेल पुन्हापुन्हा वापरून आधीच बिघडलेलं असेल, तर खवटपणा पाकिटाच्या आतच जातो. म्हणून वेफर्स निथळून, पूर्ण गार करून मगच भरायचे. आणि पाकीट फोडलं की नायट्रोजन गेला. उरलेले वेफर्स घट्ट झाकणाच्या डब्यात.

सिलिंडर आणलाच, तर खाण्यासाठीचाच गॅस मागा, तो उभा बांधून ठेवा आणि खिडक्या उघड्या ठेवा. बंद खोलीत गळती झाली तर नायट्रोजन तिथला ऑक्सिजन कमी करतो. वास नसल्यानं कळत नाही आणि माणूस बेशुद्ध पडू शकतं.

एक उलटी गोष्टही सांगायला हवी. वेफर्सचं पाकीट फुगलेलं असतं ते मुद्दाम. पण पनीर, चटणी, दुधाची पिशवी असा ओला पदार्थ आपोआप फुगला, तर आत जंतू वाढून गॅस झालेला असतो. तो चाखूनसुद्धा बघू नका, फेकून द्या.

त्या गटानं आता पंप बाजूला ठेवलाय. दर घाण्यातली चार पाकिटं तारीख लिहून ते कपाटात ठेवतात आणि दर आठवड्याला एक फोडून वास आणि कुरकुरीतपणा बघतात. खवट वास कितव्या आठवड्यात येतो ते वहीत लिहायचं, आणि पाकिटावरची मुदत त्याच्या बरीच आधीची टाकायची. पहिल्या घाण्याचं तिसरं पाकीट पुढच्या सोमवारी फोडणार आहेत.