‘क्लाउड’मधील माहिती जमिनीवर कोठे असते?

गौतमपुऱ्यातील एखाद्या दवाखान्याने रुग्णांचे एक्स-रे साठविण्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या ‘अझुर’ सेवेत खाते उघडले, तर ठिकाण निवडताना पडद्यावर `Central India` हे नाव दिसते. १९५६ पर्यंत ‘मध्य भारत’ राज्यात असलेल्या माळव्यातील वाचकाला ते आपल्याच परिसराचे वाटेल. प्रत्यक्षात ती डेटा सेंटर्स पुण्याची आहेत. ‘क्लाउड’ म्हणजे अखेर कोठल्या तरी गावातील एक इमारतच.

तिच्या दालनांत माणसापेक्षा थोडी उंच लोखंडी कपाटे रांगेने उभी असतात. त्यांना रॅक म्हणतात. प्रत्येक रॅकमध्ये सर्व्हर व डिस्क एकावर एक बसविलेल्या असतात. एका रॅकला दहा किलोवॉट वीज लागत असेल, तर जवळजवळ तेवढीच उष्णता बाहेर पडते. एक टनाचे वातानुकूलन यंत्र सुमारे साडेतीन किलोवॉट उष्णता काढते. म्हणजे एकाच रॅकसाठी तशी तीन यंत्रे अहोरात्र चालावी लागतील. म्हणून रॅकच्या पुढील बाजूने थंड हवा सोडतात आणि मागील गरम हवा तीत मिसळू न देता वेगळी ओढून घेतात.

वीज गेली तर बॅटऱ्या तत्क्षणी भार उचलतात आणि डिझेल जनित्र सुरू होईपर्यंतची काही मिनिटे निभावून नेतात. मात्र या बॅटऱ्यांतच धोकाही असतो. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथील सरकारी डेटा सेंटरमध्ये लिथियम बॅटऱ्या हलविण्याचे काम चालू असताना आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या फायलींचा ८५८ टेराबाइटचा साठा जळाला. त्याची प्रत अन्यत्र ठेवलेली नव्हती.

आता आपल्या एक्स-रेकडे वळू. साठवणुकीचा `LRS` हा स्वस्त पर्याय घेतल्यास प्रत्येक फाईलच्या तीन प्रती ठेवल्या जातात, पण त्या एकाच ठिकाणी. डिस्क वा रॅक बिघडल्यास माहिती वाचते. इमारत जळाल्यास तिन्ही प्रती जाऊ शकतात. `GRS` पर्यायात पुण्याच्या साठ्याची प्रत चेन्नईलाही जाते. ती किंचित उशिरा पोचत असल्यामुळे अपघातापूर्वीच्या काही मिनिटांतील नोंदी गमावण्याची शक्यता उरते. शिवाय चुकून पुसलेली फाईल दोन्हीकडून पुसली जाते. त्यासाठी जुन्या तारखेची स्वतंत्र प्रत ठेवावीच लागते.

खात्याच्या `Redundancy` या सदरात आपण कोणता पर्याय घेतला आहे ते दिसते. संगणकाचे काम दुसऱ्याकडे सोपविले असेल, तर त्याला ‘किती प्रती आहेत?’ एवढेच न विचारता ‘त्या कोणकोणत्या गावी आहेत?’ असे विचारावे.