वाटीभर दुधी, दोन कप दूध कमी

आईबाबांनो, मूल पडद्यामागे जातं, पायाला पाय आवळून टाचा उंच करून उभं राहतं, चेहरा लालबुंद होतो. आपल्याला वाटतं, बिचारं शी करायला जोर लावतंय. बहुतेक वेळा ते शी करत नसतं, रोखून धरत असतं. आधी कधीतरी खडा झालेला असतो, त्या वेळी दुखलेलं असतं, आणि ते दुखणं पुन्हा नको म्हणून मूल सगळी ताकद थांबवण्यात घालवतं. जेवढं थांबवावं तेवढं मोठं आतडं आतल्या मळातलं पाणी शोषत राहतं, खडा आणखी घट्ट होतो आणि पुढच्या खेपेला आणखी दुखतं. दुधी, दोडका, पालक यांचं काम या चक्रात नेमकं कुठे आहे, तेवढंच आज सांगते.

आपल्या सांगवीतली सकाळ तुम्हाला ठाऊक आहेच. बाबांची चाकणची पहिली पाळी, कंपनीची बस अंधारातच येते. आईला भोसरी किंवा हिंजवडी गाठायची असते, मुलाची शाळेची व्हॅन खाली हॉर्न वाजवत असते. शांतपणे संडासात बसायला कुणाला वेळ आहे? मग पटकन पोट भरावं म्हणून दूध-बिस्किटं दिली जातात.

माझ्या दवाखान्यात आलेल्या चार वर्षांच्या एका मुलाचा दिवस बघा. सकाळी एक कप दूध आणि बिस्किटं, डब्यात पुन्हा बिस्किटं नाहीतर केक, दुपारी मऊ भात आणि पातळ वरण, संध्याकाळी दूध, रात्री थोडा भात आणि झोपताना पुन्हा दूध. मधे कधीतरी चौथा कप. तीन-चार दिवसांनी एकदा शी, तीही रडत, आणि पडायच्या त्या लेंड्या. घरात दुधी शिजायचा, पण मोठ्यांसाठी, तिखट घालून.

मुलांना दिवसाला तंतू किती लागतात याचा एक सोपा हिशेब आहे. वयात पाच मिळवायचे, तेवढे ग्रॅम. चार वर्षांच्या मुलाला नऊ ग्रॅम. दुधात तंतू शून्य, मैद्याच्या बिस्किटात नावापुरते, पांढऱ्या भातात थोडे. या मुलाचा दिवस जेमतेम तीन ग्रॅमवर संपत होता, आणि चार कप दुधाने पोट असं भरलेलं की दुसरं काही आत जायला जागाच नाही. म्हणून पहिला बदल भाजीचा केला नाही. दूध दोन कपांवर आणलं, म्हणजे सुमारे ४०० मिली. भूक लागली, मगच भाजी ताटात आली.

आता दुधीबद्दल खरं बोलू. दुधी म्हणजे तंतूंचं कोठार, असं काही नाही. शंभर ग्रॅम दुधीत जेमतेम दोन ग्रॅम, दोडक्यातही साधारण तेवढेच, पालकात थोडे जास्त. गुण दुसरा आहे. दुधी आणि दोडका जवळपास सगळे पाणीच असतात, शिजल्यावर मऊ होतात आणि मुलाला न चावता गिळता येतात. तंतूंची उरलेली भर डाळीने आणि पोळी-भाकरीने घालायची. वाटीभर दुधी-मुगात सुमारे तीन ग्रॅम, दोन पातळ फुलक्यांत चार आणि अर्ध्या मऊ पेरूत तीन-चार. झाले की नऊ, वर थोडे उरलेच.

भाजी अशी करा. पाव किलो कोवळा दुधी, दोन मोठे चमचे मूगडाळ अर्धा तास भिजवून. चमचाभर तेलात जिरं, हिंग, हळद, मग डाळ आणि फोडी. वर ताट ठेवून ताटात पाणी ओतायचं आणि मंद आचेवर वाफ काढायची. दुधीला स्वतःचं पाणी सुटतं, लागलं तर ताटातलंच गरम पाणी घाला. मीठ शेवटी. फोड डावाने दाबली की फुटली पाहिजे. भाजी अंगासरशी रसाची ठेवा, आटवू नका, आणि सुटलेलं पाणी फेकू तर मुळीच नका. फुलका त्यात भिजवून भरवा. चणाडाळ घालायची आपली सवय असते, पण लहान मुलाचं पोट फुगत असेल तर मूगच बरा.

दुधी चिरताना देठाजवळची छोटी चकती कच्ची चाखून बघा. कडू लागली तर पूर्ण फळ टाकून द्या, वीस-तीस रुपयांचा विचार करू नका. हा कडवटपणा विषारी द्रव्याचा असतो, शिजवून जात नाही, आणि त्याने जोराच्या उलट्या, जुलाब, रक्तस्रावही होतो. दोडक्यालाही हेच लागू. दुधीचा कच्चा रस तर मुलाला देऊच नका, गाळलेल्या रसात तंतूही उरत नाहीत.

दोडक्याच्या फक्त शिरा तासा, मधली पातळ साल राहू द्या. नख सहज रुतलं तर कोवळा समजा. बी टणक झालेला जून दोडका मुलं थुंकून टाकतात आणि मग महिनाभर दोडक्याचं नाव घेऊ देत नाहीत. तासलेल्या शिरा तीळ घालून परतून बारीक कुटा. ती चटणी मोठ्यांसाठी, मुलाला बोटावर.

पालक तीन पाण्यांतून धुऊन, बारीक चिरून थेट शिजत्या वरणात टाका. मिक्सरमधून काढून गाळणीतून गाळण्याची हौस कशाला? सगळं चांगलं चोथ्यात जातं. पहाटे पाचला केलेली पालकाची भाजी रात्रीपर्यंत ओट्यावर ठेवू नका. गार झाली की फ्रीजमध्ये, आणि बाळासाठी ताजीच करा.

भाजीबरोबर पाणी हवं, नाहीतर तंतू पोटात जाऊन तसेच घट्ट बसतात. आणि बसणं हवं. जेवणानंतर आतड्याला आपोआप चालना मिळते, म्हणून सकाळची घाई सोडा, रात्रीच्या जेवणानंतर पाच-दहा मिनिटं बसवा. कमोड असेल तर पायाखाली पाट द्या, गुडघे कमरेपेक्षा वर आले पाहिजेत. आलं नाही तरी रागवायचं नाही, उठवायचं.

त्या मुलाला मात्र आधी औषध द्यावं लागलं. आत मळाचा गोळा बसलेला असेल तर दुधी कितीही शिजवा, तो हलत नाही. पाण्यात विरघळणाऱ्या औषधाने आधी पोट साफ झालं, ते औषध पुढे काही महिने कमी-कमी करत नेलं आणि भाजी त्याच्या जोडीला चालली. रोज किंवा एक दिवसाआड पिकलेल्या केळ्यासारखी मऊ शी, न रडता, इथवर आलं की जमलं म्हणायचं. शी मऊ झाली म्हणून आठवड्यातच स्वतःच्या मनाने औषध थांबवलंत तर खडा परत येतो.

पोट फुगून उलट्या होत असतील, वजन वाढत नसेल, शीत पुन्हा पुन्हा रक्त दिसत असेल किंवा जन्मल्यापासूनच हा त्रास असेल, तर भाजीचे प्रयोग करत बसू नका, मुलाला दाखवा. आणखी एक गोष्ट सगळ्यांना चकवते. चड्डीला दिवसभर पातळ डाग लागतात, आजी म्हणते जुलाब लागले, भाजी बंद करा. अनेकदा तो जुलाब नसतो, अडकलेल्या गोळ्याच्या कडेने झिरपलेला पातळ मळ असतो. मुलाला तो कळतही नाही, त्यामुळे त्यावरून त्याला ओरडून उपयोग नाही. भाजी चालू ठेवा आणि ती चड्डी दाखवायला घेऊन या.