भित्तिपत्रकावरील देवनागरी अक्षरे : चित्र आधी, मजकूर नंतर

वाक्यात वर्णन दिले की चित्र काढून देणाऱ्या एआय साधनांचा उपयोग आता ग्रंथालये आणि मंडळे भित्तिपत्रकांसाठी करू लागली आहेत. मराठी भाषा गौरव दिनाच्या म्हणजे 27 फेब्रुवारीच्या ग्रंथदिंडीचे भित्तिपत्रक आपल्याला करावयाचे आहे, असे समजू. मथळा ‘ग्रंथदिंडी’ आणि त्याखाली ‘दुसऱ्या वर्षाची मिरवणूक’ ही ओळ. साधनाला मजकुरासह चित्र मागितले, तर पालखी आणि माणसे सुरेख येतात. अक्षरे मात्र दुरून देवनागरी वाटतात आणि जवळून वाचता येत नाहीत. शिरोरेषा असते, तिच्याखाली लोंबणारे आकार असतात, पण त्यांतील अर्धी अक्षरे कोणत्याही वर्णमालेत सापडणार नाहीत.

याचे कारण लिपीच्या रचनेत आहे. ‘ग्रंथदिंडी’ या शब्दाची संगणकात दहा चिन्हे साठवली जातात : ग, हलन्त चिन्ह, र, अनुस्वार, थ, द, ऱ्हस्व वेलांटी, अनुस्वार, ड आणि दीर्घ वेलांटी. डोळ्यांना मात्र चारच अक्षरे दिसतात. ऱ्हस्व वेलांटी साठवली जाते ‘द’नंतर, पण काढली जाते ‘द’च्या आधी. उपओळीत तर ‘र’चीच कसोटी आहे. ‘दुसऱ्या’त तो आडव्या रेघेसारखा येतो, ‘वर्षाची’त ‘षा’च्या डोक्यावर रफार होऊन बसतो आणि मथळ्यातील ‘ग्र’मध्ये ‘ग’च्या पायाशी तिरकी रेघ होतो. लेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये हे बदल फॉन्टमध्ये नोंदवलेल्या नियमांनुसार घडतात. चित्र काढणारे साधन या नियमांकडे जातच नाही. असंख्य चित्रे पाहून ते आकारांची सवय करून घेते आणि अक्षरालाही पानाफुलासारखाच एक आकार मानते. पान थोडे वाकडे आले तरी पानच राहते. ‘दि’ची वेलांटी सरकली की शब्द मोडतो. शिवाय शिकवणीच्या चित्रांत रोमन अक्षरांचा भरणा अधिक असतो. अलीकडची काही साधने एखादा छोटा शब्द बरोबर काढतात, हे खरे. पण उद्या मिरवणुकीची वेळ बदलली, तर चित्रात मुरलेला मजकूर सहजी दुरुस्त होत नाही. म्हणून मजकूर साधनाकडे सोपवूच नये, असे आमचे मत आहे.

चित्र मागताना मथळ्याचे शब्द वर्णनात लिहू नयेत. ‘अक्षरे नकोत, फलक नकोत’ असे सांगणेही पुष्कळदा उलटते, कारण फलकाचा उल्लेख झाला की फलक उमटण्याचा संभव असतो. मोकळ्या जागी काय असावे, तेच सांगावे : “वरच्या तिसऱ्या भागात पहाटेचे एकरंगी फिकट आकाश, खालच्या भागात पालखी आणि चालणारी माणसे.” पालखीतील पुस्तकांच्या कण्यांवर अक्षरे उमटतातच, तेव्हा पुस्तके कापडात बांधलेली मागावीत. आकाशात ढगांची दाटी असेल तर ते चित्र घेऊ नये, त्यावर अक्षरे बुडतात.

आता माप पाहू. ए3 कागद 297 × 420 मिमी असतो. समजा, 1024 × 1536 पिक्सेलचे चित्र मिळाले. कागदाची रुंदी भरली की त्याची उंची सुमारे 445 मिमी होते, म्हणजे साधारण 25 मिमी चित्र कापावे लागेल. मोकळी जागा तेवढी अधिक ठेवावी. या मापात एका इंचात जेमतेम 88 पिक्सेल येतात. चित्र थोडे मऊ दिसेल, पण चालेल. अक्षरे चित्रातच असती, तर त्यांच्या कडाही तशाच पुसट झाल्या असत्या. वेगळी टाकलेली अक्षरे कोणत्याही मापात रेखीव राहतात.

लिबरऑफिस ड्रॉमध्ये ए3 पान घेऊन चित्र बसवावे आणि `Send to Back` ने मागे न्यावे. वर मजकुराची चौकट काढून युनिकोडमध्ये टंकलेखन करावे. मुक्त किंवा बलू हे मोफत फॉन्ट यासाठी चांगले आहेत. मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडली, तर काही फॉन्ट ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे दाखवतात. हिंदी वळण खटकणाऱ्यांसाठी ही सोय मोलाची आहे. इंग्रजी मथळ्यांप्रमाणे अक्षरांतील अंतर वाढवू नये, शिरोरेषा तुटते. दोन ओळींत मात्र ऐसपैस जागा सोडावी, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला भिडतो.

छापखान्यात बदलता येणारी फाइल न देता पीडीएफ द्यावी. तिथल्या संगणकावर आपला फॉन्ट नसेल, तर फाइल उघडताच त्याच्या जागी दुसरा येतो आणि मांडणी विस्कटते. काही जुन्या मांडणी-सॉफ्टवेअरमध्ये तर युनिकोड मजकुराची वेलांटी व्यंजनानंतर पडते आणि जोडाक्षरांत हलन्त चिन्ह उघडे दिसते. हा दोष एआयचा नव्हे. एकच चूक प्रत्येक ठिकाणी सारखी दिसते, यावरून तो ओळखता येतो. एआयने काढलेली अक्षरे दर वेळी निराळ्या रीतीने बिघडतात.

कृती : ‘ग्रंथदिंडी’प्रमाणेच ‘दुसऱ्या वर्षाची’ या शब्दांतील साठवलेली चिन्हे क्रमाने लिहा आणि दिसण्याचा क्रम कोठे बदलतो, ते दाखवा.