घटक ४ : श्राव्य मालिकेतील भागाचा अधांतरी शेवट

४.३ प्रश्न कोणता ठेवावा आणि तो कसा उच्चारावा

हरिभाऊ आपटे यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केले आणि ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी त्यातून क्रमशः प्रसिद्ध केली, हे आपण मागील घटकात पाहिले. पुढील अंकाची वाट पाहणारा वाचक मराठीला तेव्हापासून परिचित आहे. पॉडकास्टच्या श्रोत्याची अडचण मात्र वेगळी आहे. वाचक हवे तेव्हा मागचे पान उलटतो. बसमध्ये उभा असलेला श्रोता सहसा मागे जात नाही. म्हणून भागाचा शेवट एकदा ऐकूनच उमगला पाहिजे आणि सात दिवस लक्षात राहिला पाहिजे.

एक कल्पित उदाहरण घेऊ. वसुधा वडिलांची जमीन विकणार आहे. उद्या खरेदीखत व्हायचे आहे. तिसऱ्या भागाच्या आरंभी तिचा थोरला भाऊ म्हणतो, “सातबारा मी कधी पाहिलेलासुद्धा नाही.” भागाच्या अखेरीस उतारा वसुधाच्या हाती येतो. त्यातील ‘इतर हक्क’ या रकान्यात एक अनोळखी नाव आहे.

पहिला खर्डा असा होऊ शकेल : ‘तेवढ्यात दारावर थाप पडली. एवढ्या रात्री कोण असेल?’ हा शेवट कोणत्याही कथेला चिकटवता येतो, हाच त्याचा दोष. बाहेर शेजारी निघाला, तर पुढील आठवड्यात श्रोता फसवणूक झाल्यासारखा चिडेल, आणि ते रास्तच होय.

दुसरा खर्डा : ‘वसुधाने नाव वाचले आणि ती हादरली.’ येथे प्रश्न कथेतूनच आला आहे. परंतु आतापर्यंत आपण वसुधाच्या कानांनी ऐकत होतो आणि नेमक्या या क्षणी तिला ठाऊक असलेली गोष्ट लेखकाने आपल्यापासून दडवली. पात्राला जे कळले नाही ते श्रोत्यालाही न कळणे न्याय्य आहे. पात्राला कळलेले लपवणे ही केवळ लेखकाची सोय आहे.

तिसरा खर्डा पाहा. वसुधा भावाला फोन करते.

“दादा, इतर हक्कात एक नाव निघालंय.”
(क्षणभर शांतता.)
“त्या अजून आहेत?”
“नाव बाईचं आहे, हे मी तुला सांगितलंच नाही, दादा.”

भाग येथे संपतो. ‘नाव’ हा शब्द नपुंसकलिंगी असल्याने वसुधाच्या वाक्यात त्या व्यक्तीचे लिंग उघड होत नाही. भावाच्या तोंडून मात्र ‘त्या’ निसटते, आणि एका सर्वनामातून तो त्या व्यक्तीला ओळखतो, तिला मान देतो व ती वयस्क असावी, एवढे कळते. आरंभीचे त्याचे वाक्य खोटे होते, हेही त्याच क्षणी उमगते. वसुधाचे अखेरचे वाक्य काहींना अनावश्यक वाटेल. छापील कथेत मीही ते गाळले असते. श्राव्य कथेत ‘त्या’ हा एक अक्षराचा शब्द रहदारीच्या आवाजात हरवू शकतो, म्हणून ते ठेवावे.

मराठीत व्यक्तीची ओळख झाकणे कठीण असते, कारण क्रियापद बोलून जाते. ‘आला’ किंवा ‘आली’ म्हणताच निम्मे रहस्य संपते. अशा वेळी कर्मणी प्रयोग उपयोगी पडतो : ‘कोणीतरी कपाट उघडले’ या वाक्यात क्रियापद कपाटाच्या लिंगाप्रमाणे चालते आणि कर्ता झाकलेला राहतो. ‘त्यांनी’ आणि ‘त्यांना’ ही आदरार्थी रूपेही स्त्री-पुरुष भेद दाखवत नाहीत. वरील संवादात भाऊ “त्यांना कळवलंस?” असे म्हणाला असता तर काहीच फुटले नसते. कोणते रूप झाकते आणि कोणते उघडे करते, हे ठरवूनच शेवटचे संवाद लिहावेत.

अखेरच्या वाक्यानंतर निवेदकाचे ‘आता पुढे काय होणार?’ नको. दोन-तीन सेकंदांची शांतता, मग शीर्षकसंगीत. चौथ्या भागाच्या आरंभी हेच दोन संवाद पुन्हा ऐकवावेत आणि भावाचे उत्तर लगेच द्यावे. ते उत्तर पूर्ण असण्याची गरज नाही; ती बाई कोण हे त्याने सांगावे, तिचा हक्क कशातून आला हे पुढे कळावे. उत्तर मुळीच न देता नवे रहस्य आणले, तर श्रोता पुढच्या शेवटावर विश्वास ठेवत नाही.

शेवट साधला की नाही, हे तपासण्याचा एक साधा उपाय आहे. भाग एखाद्याला ऐकवावा आणि दुसऱ्या दिवशी विचारावे : तुम्हाला पुढे काय जाणून घ्यायचे आहे? ‘भावाला ती बाई कशी ठाऊक?’ असे नेमके उत्तर आले तर प्रश्न पोहोचला. ‘पुढे काय होतं ते’ असे मोघम उत्तर आले तर शेवट पुन्हा लिहावा.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न
१. वरील संवादातील भाऊ ‘ते अजून आहेत?’ असे म्हणाला, तर वसुधाचे अखेरचे वाक्य कसे बदलावे लागेल? ‘ते’ हे रूप आणखी कोणकोणत्या अर्थांनी ऐकू येऊ शकते, याचाही विचार करा.
२. ‘रात्री कोणी आला आणि पत्र ठेवून गेला’ हे वाक्य व्यक्तीचे लिंग कळणार नाही अशा रीतीने लिहा.