रात्रीचं खाणं सकाळीच ठरतं

पोट तुडुंब भरलं तरी हात थांबत नाही, घाईघाईनं, बहुधा एकट्यानं खाल्लं जातं आणि मागाहून स्वतःचीच किळस येते. असं आठवड्यातून किमान एकदा, तीन महिने घडत राहिलं तर डॉक्टर त्याला बिंज ईटिंग डिसऑर्डर म्हणतात. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत २०१३ साली त्याला स्वतंत्र आजाराचं स्थान मिळालं. घरात मात्र त्याला अजून हावरटपणाच म्हणतात आणि उपाय सुचवतात तो उपासाचा. माझा इशारा या उपायाविरुद्ध आहे. रात्रीच्या अनावर खाण्याचं मूळ बहुतेकदा दिवसभराच्या न खाण्यात असतं, म्हणून उपचार तोंड बंद करण्यापासून नाही, वेळेवर खाण्यापासून सुरू होतो.

ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी घडवलेल्या वर्तनोपचारात पहिलं काम असतं नोंदवहीचं. वेळ, काय खाल्लं, कुठे खाल्लं आणि तेव्हा मनात काय होतं, हे खाल्ल्याबरोबर लिहायचं. ताबा सुटला असं वाटलं त्या नोंदीपुढे फुली मारायची. कॅलरी मोजायच्या नाहीत. जबलपूरच्या अधारतालहून कामावर जाणाऱ्या एखाद्या बाईचा दिवस कल्पून पाहा. सकाळी सातला नुसता चहा, दीडला एक पोळी आणि काकडी, सहाला पुन्हा चहा, नऊला सगळ्यांना वाढून झाल्यावर थोडा भात. अकराला उरलेली भाजी-पोळी, डब्यातलं फरसाण आणि खव्याची जलेबी. पुढे फुली, शेजारी नोंद, ‘नणंद वजनावरून बोलली’. आठवणीवर विसंबलं तर दोष नणंदेचा किंवा जलेबीचा. कागदावर मात्र सात ते नऊ या चौदा तासांत पोटात नीट असं काहीच गेलेलं दिसत नाही. टोमणा निमित्त झाला. भूक आधीपासून साचत होती.

म्हणून दुसरी पायरी नियमित खाण्याची. तीन जेवणं आणि मधल्या वेळेची दोन-तीन छोटी खाणी, मध्ये साधारण चार तासांहून मोठं अंतर नाही. वरच्या दिवसात आठला पोहे, अकराला फळ, दीडला डबा, पाचला चण्या-फुटाण्याची मूठ आणि साडेआठला जेवण असा क्रम बसेल. काय खायचं यापेक्षा केव्हा, हे आधी सांभाळायचं आणि भूक लागो न लागो, ठरल्या वेळी खायचं, कारण या आजारात भुकेच्या खुणांवर लगेच भरवसा ठेवता येत नाही. रात्री जास्त खाणं झालं तरी सकाळचा नाश्ता चुकवायचा नाही. तो चुकवला की तेच चक्र पुन्हा सुरू होतं.

आक्षेप येतो, सहा वेळा खाल्लं तर वजन वाढेल. सहसा तसं होत नाही, कारण त्या बदल्यात बिंज कमी होतात. पण या उपचारानं वजन फारसं उतरतही नाही, हे आधीच सांगायला हवं. वजन आठवड्यातून एकदाच बघायचं. दुसरा आक्षेप, सतत लिहिल्यानं डोक्यात खाणंच राहील. सुरुवातीला राहतंही, पण ते आधीही होतंच. आता त्याचं कारण समोर येतं. तिसरा आक्षेप संकष्टी-एकादशीचा. श्रद्धेवर माझं काही म्हणणं नाही. पण उपास सोडल्यावरच्या रात्री फुल्या दिसत असतील तर उपचाराच्या काळात दिवसभर निरंकार राहू नये, फळं-दूध वेळेवर घ्यावं. मधुमेहाची औषधं चालू असतील तर वेळा डॉक्टरांशी बोलून ठरवाव्यात. खाल्ल्यावर उलटी काढणं किंवा जुलाबाची औषधं घेणं होत असेल, तर तो वेगळा आजार असू शकतो. तिथे स्वतःच्या बळावर न राहता डॉक्टरांकडे जावं.

उपचाराच्या शेवटच्या बैठका आजार उलटू नये यासाठी असतात आणि त्याच लोक टाळतात, कारण तोवर बरं वाटू लागलेलं असतं. त्यांत एक भेद शिकवतात: एखादी रात्र घसरणं म्हणजे आजार परतणं नव्हे. ‘आता सगळं बिघडलंच’ हा विचार त्या एका रात्रीपेक्षा जास्त नुकसान करतो. लग्नसराई, आजारपण, पुन्हा डाएट करण्याची ऊर्मी अशा धोक्याच्या जागा आधीच लिहून ठेवायच्या आणि एका आठवड्यात दोन फुल्या आल्या की वही व वेळापत्रक लगेच सुरू करायचं, असं ठरवून ठेवायचं.

हे सगळ्यांना लागू पडतं असं नाही. संशोधनात सुमारे निम्म्या रुग्णांच्या बिंज पूर्ण थांबतात. अधारतालहून शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मेडिकल कॉलेजात दर आठवड्याला जाणं अनेकांना जमणार नाही. पण ब्रिटनच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांतही पहिली पायरी पुस्तकाच्या आधारे, अधूनमधून जाणकाराशी बोलत केलेल्या स्वयंउपचाराची आहे. चार आठवड्यांत फरक नसेल तर पुढचा उपचार. तेव्हा आजच वही घ्या, उद्याचा नाश्ता चुकवू नका आणि मन फार खचलं तर टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करा.