तातडीच्या कामाचा जादा आकार

प्रश्न : माझा लहान छापखाना आहे. शनिवारी संध्याकाळी येऊन सोमवारी पत्रिका मागणारी मंडळी जादा दर घेतला की रुसतात. काय करावे?

उत्तर : गिऱ्हाइकाचा रोष रकमेवर नसून, काम हाती आल्यावर बिलात अवचित उगवलेल्या आकड्यावर असतो, म्हणून जादा आकार दरपत्रकातच नमूद करून, मागणी नोंदवतानाच दोन तारखा व दोन किमती समोर ठेवाव्यात, म्हणजे निवड त्याची राहते. समजा, काम ८,००० रुपयांचे, गुरुवारी देण्याचे. रविवारी यंत्रचालक व मदतनीस यांच्या दुप्पट मजुरीचे २,४०० आणि मागे सरकलेल्या कामाच्या खोळंब्याचे ६०० धरले, तर सोमवारची किंमत ११,००० सांगावी व ते ३,००० बिलात स्वतंत्र ओळीने लिहावेत. मुद्रिताची मंजुरी रविवारी सकाळी दहापर्यंत न आल्यास मुदत पुढे जाईल, ही अटही लेखी असावी. घोळ बहुधा तिथेच होतो. जुन्या गिऱ्हाइकास सूट द्यायचीच, तर आकार लिहून मग वजा दाखवावा, कारण मुकाट्याने केलेली माफी पुढील खेपेस हक्क होऊन बसते. विलंब आपल्याकडून झाला, तर मात्र ते ३,००० त्याने मागण्यापूर्वीच परत करावेत.